प्रसेनजितच्या निरोपाचा कागद

निरोप समारंभ या शब्दाचीच मला किळस आहे. त्यात आमचे सल्लागार राजपाल सर, त्यांनी वाशिमहून बॅनर छापून पाठवलं. मधोमध प्रसेनजितचा हसरा फोटो, भोवती छापील झेंडूची माळ आणि खाली 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा'. उघडून पाहिलं तर वाटलं, बापरे, माणूस वारला की काय! मी ते गुंडाळलं आणि लोखंडी कपाटाच्या मागं कोंबलं.

मी पौर्णिमा. कारंजाची. प्रसेनजित केनवडचा. साडेतीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून 'दाणापारख' नावाची कंपनी काढली. कंपनी म्हटलं की लोकांना काचेची इमारत दिसते. आमची कंपनी म्हणजे जऊळक्याला स्टेशनच्या रस्त्यावर दोन खोल्या. आधी तिथं खताचं दुकान होतं. भिंती तीनदा पुसल्या तरी युरियाचा वास गेला नाही, पावसाळ्यात तर डोळे चुरचुरतात. तिथं आम्ही सोयाबीनमधला ओलावा मोजायची मशीन बनवायचो. तळहातापेक्षा थोडी मोठी, वाटीत दाणे भरायचे, झाकण दाबायचं, आकडा येतो. गावातल्या बाया त्याला डबी म्हणतात. बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला की व्यापारी भाव पाडतो, म्हणून शेतकऱ्यानं माल गाडीत भरायच्या आधी घरीच मोजून घ्यावा, अशी आमची साधी गोष्ट. अठरा गावांत बचत गटाच्या अठरा बाया या डब्या घेऊन घरोघर फिरायच्या. त्या बायांवरच सगळं चालायचं. शेतकऱ्याचा विश्वास बाईवर, बाईचा डबीवर आणि डबी प्रसेनजितच्या हातची.

हा माणूस कसा होता ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी देवमाणसाचं वर्णन करायला बसले. अजिबात नाही. तो दाणा दातांखाली फोडून ओलावा सांगायचा आणि टरफल थेट कोपऱ्यात थुंकायचा. ऑफिसच्या कोपऱ्यात! मी तीनशे वेळा ओरडले असेन. सदऱ्याच्या खिशात नेहमी मूठभर सोयाबीन. धुवायला टाकला की आत मोड आलेले. बोलणं तर इतकं कमी की फोनवर समोरच्याला वाटायचं लाईन कटली. वडील देवमनकाका ग्रामपंचायतीत शिपाई, घरात आवाज चढवायची रीतच नाही. त्यामुळं प्रसेनजितला 'नाही' म्हणताच यायचं नाही. तो 'पाहू' म्हणायचा. त्याचं 'पाहू' म्हणजे 'नाही', हे मला दोन वर्षांनी कळलं. आणि माझं? माझं तोंड म्हणजे पोळ्याचा बैल, सुटला की सुटला.

मशीनला आकडा शिकवावा लागतो. दाणे आधी वजन करायचे, भट्टीत रात्रभर वाळवायचे, पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. तोच दाणा डबीत टाकला की डबी काय खूण दाखवते ते वहीत लिहायचं. असे पन्नास-साठ नमुने झाले की मशीनला समजतं, कुठल्या खुणेला कुठला आकडा दाखवायचा. मागच्या वर्षी हे काम आम्ही मे महिन्यात केलं. मे महिन्यात ओलं सोयाबीन कुठून आणणार? मग जुनं, खडखडीत सोयाबीन घेतलं, त्यावर पाणी शिंपडलं, बरण्यांत भरून आठ दिवस झाकून ठेवलं. त्या बरण्यांचा वास! झाकण उघडलं की आंबूस, बुरशीचा भपका. मला दोनदा उलटी झाली. प्रसेनजित नाकाला दस्ती बांधून हातानं ते गिळगिळीत दाणे वर-खाली करायचा.

तिथंच घोळ झाला. वरून पाणी मारून ओला केलेला दाणा आणि वावरातून आतपर्यंत ओला आलेला दाणा मशीनला सारखा दिसत नाही. ताजा दाणा असतो तेवढा ओला तिला वाटतच नाही. सप्टेंबरात प्रसेनजित मला म्हणाला होता, "नवा दाना निंगू दे. दहा दिवस थांबू, त्याच्यावर तपासून पाहू."

मी म्हटलं, "दहा दिवसांत अर्धा सीझन निघून जाते. पाठव."

तो म्हणाला, "पाहू."

आणि पेट्या भरल्या.

ऑक्टोबरात अठरा गावांत डब्या अकरा दाखवत होत्या आणि बाजारात व्यापाऱ्याचं मशीन साडेतेरा. लोकांनी डबीवर भरवसा ठेवून माल वाळवला नव्हता, सरळ गाडीत टाकला होता. कुठं भाव पडला, कुठं गाडी परत आली. बायांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. केनवडला तर लोकांनी ओल्या सोयाबीनचं अर्धं पोतं प्रसेनजितच्या घराच्या ओट्यावर ओतलं. प्रसेनजित मशीनवाला, म्हणून प्रसेनजित चोर. कोणीतरी तर म्हणालं, व्यापाऱ्यांनीच त्याला फितवलं.

त्यानं दिवाळीही पाहिली नाही. चौदा गावांच्या खळ्यांवरून बासष्ट ताजे नमुने आणले, सगळे भट्टीत वाळवले आणि डिसेंबरपर्यंत सगळ्या डब्या दुरुस्त केल्या. मी काय केलं? मी बायांना फोन करून सांगितलं, "तांत्रिक अडचण होती, सुधारली." दहा दिवस थांबण्याबद्दल एक चकार शब्द काढला नाही. काढलाच नाही मी. आठ महिने.

मार्चमध्ये त्यानं राजीनाम्याचा कागद माझ्यापुढं ठेवला. चार ओळी. नागपूरच्या एका धान्य तपासणी प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती.

"काहून?" मी विचारलं.

"मले आता सोयाबीनचा वास सहन होत नाई."

"आणि नागपूरले काय गुलाब तपासशीन?"

"तिथं गहू हाये," तो म्हणाला.

मला इतका संताप आला! बुडत्या नावेतून उडी मारतो लेकाचा, असं वाटलं. दोन दिवस बोलले नाही. मग कामाला लागले, कारण भागीदार जातो म्हणजे नुसता माणूस जात नाही. वाशिमच्या सीएनं भली मोठी यादी दिली. राजीनाम्याची तारीख पक्की करायची, बैठकीत तो मंजूर करायचा, तीस दिवसांत सरकारकडं फॉर्म भरायचा. बँकेत सहीचा अधिकार बदलायचा. करार चार वर्षांचा, त्यानं साडेतीन भरली, म्हणून तेवढ्या काळाचे शेअर त्याचे, उरलेले कंपनीकडं परत. शेतकरी ज्या नंबरवर फोन करतात ते सिमकार्ड, ईमेलचा पासवर्ड, भट्टी, तराजू, नमुन्यांची वही, सगळं लिहून माझ्या ताब्यात. या सगळ्यात त्यानं एकदाही घासाघीस केली नाही. जूनपर्यंत तो रोज आला आणि मला भट्टी चालवायला शिकवली.

यादीतलं शेवटचं काम होतं निरोपाचं निवेदन. करारात आम्हीच लिहून ठेवलं होतं, कोणीही गेलं तरी एकमेकांची बदनामी करायची नाही आणि जे सांगायचं ते दोघांनी आधी वाचायचं. आधी आपल्या माणसांना सांगायचं, मग शेतकऱ्यांना, मग बाहेरच्यांना. आपली माणसं म्हणजे त्या अठरा बाया. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना जऊळक्याला बोलावलं. नव्या हंगामासाठी बाया डब्या पुन्हा नेतात की नाही, हेही त्याच दिवशी ठरणार होतं. नाही नेल्या तर दाणापारखचं शटर खाली. इतकं साधं.

राजपाल सर आम्हाला सुरुवातीपासून सल्ला देत आलेले. मी त्यांना विचारलं, काय बोलू?

"आभार मान, कौतुक कर," ते म्हणाले. "आणि मध्ये एक ओळ टाक. 'तांत्रिक बाजूत आवश्यक ते बदल करण्यात आले आहेत.' नाव घ्यायचं नाही. आरोप करायचा नाही. लोक समजून घेतात."

"काय समजून घेतात?"

"जे त्यांना आधीच वाटतंय ते."

आधी मला ती ओळ कळलीच नाही. मग कळली. ती ऐकून बायांना वाटणार, ज्यानं मशीन बिघडवली त्याला काढला, आता डबी चांगली. बाया खूश, डब्या गावात, कंपनी वाचली आणि करारही मोडला नाही. केवढी सफाई! अशी सफाई फक्त फार घाण झाकायची असली की सुचते. तरी मी ती ओळ लिहिली. एका दमात लिहिली, याचीच मला अजून शिसारी येते.

नियमाप्रमाणं आदल्या दिवशी कागद प्रसेनजितला दिला. त्यानं उभ्या-उभ्या वाचला. त्या ओळीपाशी थांबला, ते मी पाहिलं. मग घडी करून परत दिला.

"ठीक हाये," तो म्हणाला.

"ठीक म्हणजे?"

"बाया डब्या नेतीन. डब्या गेल्या पायजे."

"तुले काही बदलायचं असन तर सांग."

"पाहू," म्हणाला आणि भट्टी पुसायला लागला.

आता मला 'पाहू'चा अर्थ माहीत होता. तरी मी कागद तसाच पर्समध्ये ठेवला. त्याच्यावर चिडायचं तेवढं चिडून घेतलं. असा कसा रे मेल्या तू, कोणी तुझ्या अंगावर शेण टाकलं तरी खांदा पुढं करतो! आणि शेण टाकणारी कोण, तर मी.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाया आल्या. सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. डब्या समोरच्या टेबलावर मांडल्या होत्या. केनवडच्या बेबीताई पुढं. त्यांचा आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि ऑक्टोबरात सगळ्यात जास्त शिव्या त्यांनीच खाल्ल्या होत्या. राजपाल सर शाल आणि पुष्पगुच्छ घेऊन आले. बॅनर कुठं आहे, विचारू लागले. मी म्हटलं, उंदरानं खाल्लं.

मी कागद काढला. 'आपले सहसंस्थापक प्रसेनजित यांनी गेल्या साडेतीन वर्षांत मोलाचं योगदान...' मोलाचं योगदान! माझंच मला ऐकवत नव्हतं. आणखी चार वाक्यं वाचली आणि ती ओळ आली. "तांत्रिक बाजूत आवश्यक ते बदल करण्यात आले आहेत."

बेबीताई मागं वळून बायांना म्हणाल्या, "म्हंजे कीड निंगाली, समजलं का? आता दाना साफ!"

बाया हसल्या. वाईट मनानं नाही, मोकळ्या झाल्यासारख्या हसल्या. राजपाल सरही हसले. आणि प्रसेनजित! तोही हसला. खाली मान घालून, कोणाला वाईट वाटू नये म्हणून.

ते हसू पाहिलं आणि मला त्या बरण्यांचा आंबूस भपका आठवला. मी कागद टेबलावर ठेवला.

"बायाहो, हे मी वाचत नाई," मी म्हटलं. "हे खोटं हाये. शब्द खरे हायेत, पन मतलब खोटा हाये. प्रसेनजितले कोनी काढलं नाई. तो थकला, अन् त्यानं तसं मार्चमधी सांगतलं. मागच्या साली आमी जुन्या दान्याले पानी शिंपडून मशीनीले आकडे शिकवले. ताजा दाना वेगळा पडते, हे दोघायलेही समजलं नाई. सप्टेंबरात तो म्हनला, दहा दिवस थांबू, नवा दाना तपासू. मी थांबू देलं नाई. ती घाई माही. ते समदं माह्यामुळं..."

"नाई," प्रसेनजित म्हणाला.

सगळ्या त्याच्याकडं वळल्या. मीही. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला सरळ 'नाही' म्हटलं.

"थांबू म्हनलो मी," तो म्हणाला, "पन एकदाच म्हनलो. मंग पेट्या माह्याच हातानं भरल्या. कोनी काठी नोती मारली. पौर्णिमा, सगळं आपल्या डोक्यावर घेऊ नको. चूक दोघायची हाये."

मी भानावर आले. खरं म्हणजे सगळं स्वतःवर ओढून मी पुन्हा स्वतःलाच मधोमध उभी करत होते. निरोप त्याचा आणि आरती माझी. शी!

"बरं, दोघायची," मी म्हटलं. "ते झालं. आता यानं काय केलं ते आयका. पहिल्या साली इथं लाईट नोती राहत, तवा यानं चुलीवर तवा ठेवून दाना वाळवला अन् दर अर्ध्या तासानं वजन लिहिलं. माह्या बाबाचं ऑपरेशन झालं तवा तीन आठवडे हे ऑफिस एकट्यानं चालवलं अन् एका शब्दानं मले आयकवलं नाई. आमी भांडलो बी लय. बाजूचा टायरवाला पानी घेऊन आला होता सोडवाले. मागच्या दिवाळीत तुमच्या खळ्यावरून बासष्ट नमुने यानंच नेले. आज ह्या डब्या बरोबर आकडा दाखवतेत त्या याच्या हातानं. तो चाल्ला त्याचं मले वाईट वाटून राह्यलं, रागही येऊन राह्यला, पन त्याचं मी काही देनं लागते तर ते हेच, का खरं सांगाव. प्रसेन, तू नीट जाय. अन् कोपऱ्यात थुंकू नको तिकडं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राजपाल सर शाल मांडीवर घेऊन तशीच चोळत बसले.

गोमतीबाई उठल्या. त्यांच्या दिराची गाडी बाजारातून परत आली होती. "म्हंजे तुमाले मालूम होतं," त्या मला म्हणाल्या. "थांबाची गोष्ट झाली होती अन् तरी आमच्या हाती देल्या. मी नाई नेत आता." त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या. त्यांच्या मागं आणखी सहा जणी. मी अडवलं नाही. काय तोंडानं अडवणार?

बेबीताई बसूनच होत्या. चेहरा लाल. मला वाटलं, आता या चपलाच फेकतात.

"आठ महिने!" त्या माझ्यावर ओरडल्या. "आठ महिने हे पोट्टं शिव्या खाऊन राह्यलं, अन् तुमी तोंडात गुळनी धरून बसल्या? मी बी देल्या त्याले शिव्या! नळावर, साऱ्या गावापुढं! त्याच्या मायपुढं!" मग प्रसेनजितकडं वळून त्यांचा आवाज पडला. "लेका, मी बी देल्या रे."

"जाऊ द्या बेबीताई," तो म्हणाला.

"कायले जाऊ देऊ?" त्या पुन्हा माझ्याकडं वळल्या. "डबी मी नेतो. पन यंदाचा पयला दाना माह्या वावरातला. तो भट्टीत वाळवा, माह्यासमोर वजन करा, मंगच घराबाहीर काढीन. तुमच्या बोलन्यावर नाई, सांगून ठेवतो."

"बरं," मी म्हटलं.

अकरा डब्या गेल्या, सात टेबलावर राहिल्या. अठरा गावांची अकरा झाली. शटर पडलं नाही, एवढंच. राजपाल सर बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, "भावनेच्या भरात सात गावं घालवलीस." त्यांची शाल मागंच राहिली होती, ती मी त्यांच्या हातात दिली.

प्रसेनजितनं चाव्या दिल्या. सिमकार्ड दिलं, पासवर्डची चिठ्ठी दिली, वहीवर दोघांनी सह्या केल्या. त्याची पिशवी दाराशी होती. मी म्हटलं, नागपूरची गाडी संध्याकाळची असेल ना, चहा घेऊन जा.

"नाई. दीडची बस पकडतो. केनवडले जातो पयले."

"एवढ्या उन्हात? संध्याकाळी जाय ना आरामात."

त्यानं पिशवी खांद्याला लावली. "ऑक्टोबरपासून मी अंधार पडल्यावरच गावात जातो," तो म्हणाला, "अन् उजाडाच्या आत निंगतो. माय दार लोटून ठेवते. आता बेबीताई याच बसनं चालल्या, त्या सांगतीन सगळ्यायले. दिवसा उतरून पाहतो एकदा."

मला हे माहीत नव्हतं. रोज एका टेबलावर बसून मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही. मी दारापर्यंत गेले, तोवर तो रस्ता ओलांडून गेला होता. थांब्यावर बेबीताईंनी त्याच्या हातातली पिशवी ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि बस येईपर्यंत त्याला रागावत राहिल्या.